फलक झाकला तर काय उरते?

शाळेची सहल लोहगडावर जाते तेव्हा मुलांच्या हातात बहुधा एक कागद असतो. किल्ला कोणत्या तालुक्यात आहे, उंची किती, दरवाजे किती आणि त्यांची नावे काय, सोळाकोनी टाके कोणी बांधले, किल्ला स्वराज्यात कधी आला, असे आठ-दहा प्रश्न आणि प्रत्येकाखाली दोन रेघा. मुले पहिल्या फलकापाशी थांबतात. अक्षर चांगले असलेली एक मुलगी फलकावरून भराभर उतरवून घेते, तिच्या कागदावरून बाकीचे उतरवतात आणि दहा मिनिटांत काम संपते. पुढचे तीन तास गड समोर असूनही कागदाला त्याची गरज उरत नाही. मग शिक्षक म्हणतात की मुलांना बघण्याची सवयच नाही.

सवयीचा प्रश्न नंतर पाहू. ज्या प्रश्नाचे उत्तर फलकावर छापलेले आहे, त्याचे उत्तर कोणीही शहाणा माणूस फलकावरूनच घेईल. मुलांनी आळस केलेला नाही, विचारलेले काम सर्वांत कमी कष्टात पुरे केले आहे. दोष कागदाचा आहे आणि तो कागद आदल्या रात्री कुठल्या तरी संकेतस्थळावरची माहिती समोर ठेवून तयार झालेला असतो. म्हणजे शिक्षकाने जे उतरवले, तेच मुलांनी परत उतरवायचे.

म्हणून कार्यपत्रिकेतला प्रत्येक प्रश्न दोन कसोट्यांवर घासून बघावा. फलक हाताने झाकला तर उत्तर देता येते का? आणि वर्गात बसून, मोबाइल हातात असताना, तेच उत्तर मिळू शकते का? पहिल्याचे उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असेल तरच तो प्रश्न गडावर न्यावा. ‘लोहगडाला दरवाजे किती?’ हा प्रश्न पहिली कसोटी कसाबसा पार करतो, कारण मोजता येतात, पण दुसरीत पडतो. ‘गणेश दरवाजा तुम्हाला पहिल्यांदा दिसला तेव्हा तुम्ही त्याच्यापासून किती पावलांवर होता?’ हा प्रश्न दोन्ही पार करतो. त्याचे उत्तर जगातल्या कुठल्याही फलकावर नाही.

हा पावलांचा प्रश्न जरा उलगडून पाहण्यासारखा आहे. लोहगडवाडीच्या बाजूने पायऱ्या चढू लागले की गणेश, नारायण, हनुमान आणि शेवटी महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. वाट सरळ वर जात नाही, ती तटांच्या मधून वळणे घेत जाते. बुरुजाआड दडलेल्या दरवाजाच्या अशा रचनेला ‘गोमुखी’ म्हणतात, हे मार्गदर्शक सांगतातच आणि मुले तो शब्द वहीत लिहितात. शब्द लिहिला म्हणजे गोष्ट दिसली असे होत नाही. त्याऐवजी मुलांना एवढेच सांगावे: दरवाजाची कमान किंवा चौकट दृष्टीस पडली की थांबा, तिथून दरवाजापर्यंत पावले मोजत जा, चारही दरवाजांसाठी आकडा लिहा. चार आकडे एकाखाली एक आले की मगच पुढचा प्रश्न विचारावा: सर्वांत कमी पावले कुठे लागली आणि दरवाजा तोवर कशामुळे दिसला नाही? मग मूल मागे वळून बुरुज बघते. ‘हत्तीला धावत येऊन धडक द्यायची असेल तर त्याला किती जागा मिळेल?’ हे शिक्षकाने त्यानंतर तोंडी विचारले तरी चालते. आकडा हातात असल्यामुळे मुलाला अंदाज ठोकावा लागत नाही.

इथे प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे चांगला प्रश्न म्हणजे ‘का?’ने सुरू होणारा, असा एक समज आहे. पण गडावर गेल्या गेल्या ‘दरवाजा असा का बांधला असेल?’ असे विचारले की चाळीसपैकी चाळीस कागदांवर ‘शत्रूपासून संरक्षण व्हावे म्हणून’ असे येते. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते तटालाही चालते, बुरुजालाही चालते आणि खंदकालाही चालते. जे उत्तर गडावरच्या प्रत्येक गोष्टीला लागू पडते, त्यासाठी एकाही गोष्टीकडे बघावे लागत नाही. म्हणून आधी ‘काय’ आणि ‘किती’, मग ‘कशासारखे’, आणि ‘का’ सर्वांत शेवटी.

‘निरीक्षण करा व लिहा’ हा दुसऱ्या टोकाचा घोटाळा. तो इतका मोकळा असतो की मूल ‘दरवाजा खूप मोठा व मजबूत आहे’ असे लिहून सुटते. ‘गड पाहून तुम्हाला कसे वाटले?’ याचे उत्तर तर सगळ्या महाराष्ट्रात एकच आहे: खूप छान वाटले, अभिमान वाटला. बघायला लावायचे तर नजरेला कोपरा द्यावा लागतो. ‘भिंत बघा’ असे सांगण्यापेक्षा ‘भिंतीवर एक वीत लांब, एक वीत रुंद चौकोन निवडा आणि त्यात येणारे दगडांचे सांधेच फक्त काढा’ असे सांगावे. मग लगेच कळते की दगड सारख्या आकाराचे आहेत की वेडेवाकडे, दोन दगडांच्या मध्ये चुना आहे, नुसती फट आहे की नव्या दुरुस्तीचा करडा सिमेंटसारखा मसाला आहे. लोहगड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे आणि अशा गडांवर जुन्या कामाशेजारी दुरुस्ती असतेच. ‘जुने काम कुठे संपते आणि नवे कुठे सुरू होते, ती रेषा शोधा आणि कशावरून ओळखली ते लिहा’ हा प्रश्न सहावीच्या मुलांनाही जमतो आणि मोठ्यांनाही अडवतो. फलकावर ती रेषा कधीच दाखवलेली नसते.

आता एका दरवाजाची कार्यपत्रिका कशी असावी ते पाहू. दरवाजाच्या चौकटीमागे, दोन्ही बाजूंच्या भिंतींत, अडसर सरकवण्याच्या चौकोनी खोबणी असतात. दार आतून बंद केले की जाड लाकडी अडसर आडवा टाकायचा आणि दार उघडे असताना तोच अडसर एका बाजूच्या भिंतीत पूर्ण सरकवून ठेवायचा. म्हणजे एका बाजूची खोबण खोल हवी, समोरची उथळ असली तरी चालते. हे मुलांना सांगायचे नाही. कागदावर फक्त इतके लिहायचे: ‘दाराच्या आत उभे राहा. दोन्ही बाजूंच्या भिंतींत समोरासमोर असलेली चौकोनी भोके शोधा. काठी आत घालून प्रत्येकाची खोली मोजा. दरवाजाची रुंदीही मोजा. तीन आकडे शेजारी लिहा. या भोकांत काय जात असेल आणि दार उघडे असताना ती वस्तू कुठे ठेवत असतील?’ खोल भोकाची खोली आणि दरवाजाची रुंदी यांचा मेळ बसू लागला की एखादे मूल स्वतःच ओरडते की लाकूड भिंतीतच दडायचे.

यात तीन अडचणी येतात आणि त्या आधीच माहीत असाव्यात. भोकात हात घालायचा नाही, फक्त काठी आणि विजेरी. गडावरच्या कपारींत विंचू, साप आणि गांधीलमाश्या राहतात, ही सूचना प्रश्नाच्या आधी आणि ठळक छापावी. दुसरे, खोबण बऱ्याचदा माती, दगड आणि प्लास्टिकच्या बाटल्यांनी भरलेली असते, त्यामुळे काठी दोन विती जाऊन अडते आणि मेळ बसत नाही. अशा वेळी ‘काठी कशाला अडली: दगडाच्या टणक तळाला की मऊ कचऱ्याला?’ हा उपप्रश्न हवा, नाहीतर मूल चुकीच्या आकड्यावर बरोबर विश्वास ठेवते. तिसरी अडचण शिक्षकाची आहे. कोणत्या दरवाजात खोबण शाबूत आहे, कुठे ती बुजली आहे, हे स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. सहलीआधी एकदा गडावर जाणे हा खर्च नव्हे, तयारीचा भाग आहे, आणि ज्या शाळा बसचे भाडे ठरवण्यात आठवडा घालवतात त्यांना ही एक सुट्टी काढता येते.

तटातल्या जंग्यांचे तसेच. जंगी म्हणजे बंदुकीने मारा करण्यासाठी तटात ठेवलेले भोक, हे वाक्य फलकावर असते. पण सगळ्या जंग्या सारख्या नसतात. काही समोर बघतात, काही खाली तिरप्या उतरतात. वाटेच्या कडेला, तटाच्या आतल्या सुरक्षित बाजूला अशी जागा मिळाली तर गटातला एक जण खाली पायऱ्यांवर उभा राहतो आणि दुसरा जंगीतून बघतो. प्रश्न एवढाच: मित्राचे डोके दिसते, कंबर दिसते, पाय दिसतात की काहीच दिसत नाही? त्याने दोन पायऱ्या खाली जावे, पुन्हा बघा. कोणत्या पायरीपासून कोणत्या पायरीपर्यंत तो दिसतो, तेवढ्या पायऱ्या रंगवा. रंगवलेला पट्टा हेच उत्तर, एकही वाक्य लिहावे लागत नाही. शेजारच्या जंगीचा पट्टा दुसऱ्या गटाने रंगवला असेल तर दोन्ही कागद जोडून बघावे. पट्टे एकमेकांवर चढतात की मध्ये मोकळी जागा राहते, हे मुलांनाच सापडते.

सर्वांत चांगला प्रश्न मात्र वाटेचा आहे आणि तो लोहगडाने जणू तयारच ठेवला आहे. खालून चढताना मुलांनी कागदाच्या तळापासून एक रेघ काढत जायचे: वाट डावीकडे वळली की रेघ डावीकडे, उजवीकडे वळली की उजवीकडे, दरवाजा आला की आडवी खूण. मोजमाप नको, फक्त वळणे. महादरवाजातून वर गेल्यावर सुरक्षित, कठडा असलेल्या जागेवरून खाली पाहिले की दरवाजांची ती सगळी नागमोडी मांडणी एका नजरेत दिसते. आता लाल पेन्सिल घ्यायची आणि चढताना काढलेल्या रेघेवर जे दिसते ते काढायचे. दोन रेघा कधीच जुळत नाहीत. चढताना वाटलेली लांब सरळ वाट वरून आखूड दिसते, एखादे वळण निसटलेलेच असते. ‘तुमचे कोणते वळण चुकले आणि तिथे चढताना तुमच्या समोर काय होते?’ हा शेवटचा प्रश्न. समोर तट होता, काहीच दिसत नव्हते, हे उत्तर मुलाच्या स्वतःच्या चुकीतून येते. चढून येणाऱ्याला वाटेचा अंदाज येऊ नये ही बांधणाऱ्याची युक्ती त्याने अनुभवलेली असते. काळी रेघ खोडायची नाही हे मात्र बजावून सांगावे लागते, कारण नीटनेटकेपणाला गुण मिळण्याची सवय लागलेली मुले आधी खोडरबर काढतात.

पाण्याकडे वळू. सोळाकोनी टाक्यापाशी ‘कोपरे मोजा’ असे विचारले तर कोणी मोजणार नाही, नावातच उत्तर आहे. त्याऐवजी आसपासच्या कातळावर बाटलीच्या टोपणभर पाणी ओतून ते कुठे वाहत जाते ते बाणाने दाखवायला सांगावे. चार-पाच ठिकाणचे बाण एकत्र पाहिले की टाके इथेच का, याचा पत्ता लागतो. वरच्या इयत्तांना हिशेब द्यावा. समजा, एखादे टाके 6 मीटर लांब, 4 मीटर रुंद आहे आणि पाणी 2 मीटर खोल धरले, तर 48 घनमीटर म्हणजे 48,000 लिटर पाणी झाले. माणशी रोज 5 लिटर, पिण्यापुरते आणि रांधण्यापुरते, धरले तर 100 माणसांना ते 96 दिवस पुरेल. ऑक्टोबर ते मे हे आठ महिने साधारण 240 दिवसांचे. मग आणखी टाकी कुठे आहेत हे शोधायला मुले आपण होऊन निघतात. लांबी-रुंदी पावलांनी, काठापासून दोन हात दूर राहून. खोली मोजायचीच नाही, ती धरून चालायची आणि ‘आम्ही 2 मीटर धरली’ असे लिहायचे. काय मोजले आणि काय गृहीत धरले हे वेगळे लिहिणे, हा या प्रश्नाचा अर्धा उपयोग आहे.

संग्रहालयात अडचण वेगळी असते. तिथे वस्तू काचेत, चिठ्ठी शेजारी आणि पंचेचाळीस मुले एका कपाटापुढे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे. त्यापुढे ‘अडकित्ता कोणत्या धातूचा?’ हा प्रश्न चिठ्ठीकडे पाठवतो. ‘सुपारी कुठे ठेवली असती? पाते कोणत्या बाजूला? खिळ्यापासून सुपारीची जागा किती बोटे आणि दांड्याचे टोक किती बोटे?’ हे प्रश्न वस्तूकडे पाठवतात, आणि सातवी-आठवीच्या मुलांना त्यातून तरफही सापडते. पण इथे एक खेळ सगळ्या प्रश्नांपेक्षा सरस ठरतो. प्रत्येक गटाने दालनातली एक वस्तू गुपचूप निवडायची आणि तिचे नाव, शतक, गाव यांपैकी काहीही न लिहिता पाच ओळींत वर्णन करायचे. मग कागद दुसऱ्या गटाला द्यायचा आणि त्यांनी ती वस्तू शोधून काढायची. ‘सुंदर नक्षीचा दिवा’ असे लिहिले तर पलीकडचा गट दहा दिव्यांपुढे उभा राहून चिडतो. ‘दिवा टांगलेला, साखळीला पक्षी, पक्ष्याची शेपटी मोडलेली’ असे लिहिले तर अर्ध्या मिनिटात सापडतो. कागद तपासायला शिक्षक लागत नाही, आणि कुठला शब्द कामाचा आणि कुठला भरतीचा हे मुले एकमेकांकडून शिकतात.

यावर येणारा एक आक्षेप रास्त आहे. फलक लिहिणाऱ्यांनी अभ्यास केलेला असतो, 1657 मध्ये लोहगड स्वराज्यात आला, 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला, 1670 मध्ये परत घेतला, हे मुलांना कळायला नको का? हवेच. पण ते सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात, फळ्यावर, वीस मिनिटांत होते. त्यासाठी डोंगर चढायची गरज नाही. आणि गडावरचा फलकही टाकाऊ नाही, त्याची पाळी फक्त शेवटी यावी. आधी बघा, लिहा, मग फलक वाचा आणि त्यातले प्रत्येक वाक्य दोन रकान्यांत टाका: ‘हे इथे दिसते’ आणि ‘हे दिसत नाही, कुठून तरी कळलेले आहे’. दरवाजाची कमान पहिल्या रकान्यात जाते, तह दुसऱ्या. तह कुठून कळला असेल, या प्रश्नाशी मुलाला कागदपत्रे, बखरी, शिलालेख अशी साधने पहिल्यांदा भेटतात. गडाच्या दंतकथाही याच चाळणीतून घालाव्यात, कोणाच्या भावना न दुखावता.

दुसरा आक्षेप वेळेचा, तो मात्र कागद लिहिणाऱ्यानेच ओढवून घेतलेला असतो. वीस प्रश्न दिले की मुले फलकच शोधणार. गडावर फिरायला दोन-अडीच तास मिळत असतील तर पाच प्रश्न पुरेत, सहा म्हणजे हद्द. एका थांब्याला 12 ते 15 मिनिटे द्यावीत. गट चार जणांचा, एक मोजणारा, एक लिहिणारा, एक चित्र काढणारा, एक वाटेवर लक्ष ठेवणारा. प्रत्येक थांब्यावर कामे बदलायची. गटाला एक परीक्षेचा पॅड, दोन पेन्सिली, त्यातली एक लाल, आणि दर अर्ध्या मीटरला गाठ मारलेली 5 मीटर सुतळी. पेन नको, कित्येक संग्रहालयांत चालत नाही आणि पावसात शाई पसरते. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर इतकी गर्दी असते की दरवाजात थांबणे शक्य नसते आणि सुरक्षितही नसते. हिवाळ्यातला आठवड्याचा दिवस निवडावा. विंचूकाटा या गडाच्या लांब, चिंचोळ्या सोंडेवर किंवा कड्याच्या काठावर मोजमापाचा कोणताही प्रश्न ठेवू नये.

एक बारीक गोष्ट कागदाच्या छपाईची. दोन रेघा आखून दिल्या की मूल दोन रेघा भरते, चार दिल्या की चार. म्हणून जिथे आकडा हवा तिथे छोटा चौकोन, चित्र हवे तिथे अर्धे पान कोरे, आणि वाक्य हवे तिथेच रेघ.

गुण द्यायचेच असतील तर बरोबर-चूक पाहून देऊ नयेत. एका उत्तराला दोन गुण: त्यात लिहिलेली गोष्ट तिसऱ्या माणसाला गडावर जाऊन सापडेल का, याचा एक आणि दिलेले कारण त्या गोष्टीला धरून आहे का, याचा एक. ‘दरवाजा मजबूत आहे’ याला शून्य. ‘उजवीकडच्या भोकात काठी तीन विती गेली, डावीकडे एक वीत’ याला एक. ‘म्हणून लाकूड उजव्या भिंतीत सरकवत असतील’ असे जोडले की दोन. लाकूड डावीकडे सरकवत असतील असे लिहिले, पण आकडे नीट दिले, तर एक गुण द्यावा आणि आकड्यांकडे परत बघायला लावावे. चाळीस कागद असे तपासायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत नाही, कारण गट दहाच असतात. दहावीच्या भूगोलाचे पुस्तक ‘क्षेत्रभेट’ या पाठाने सुरू होते, तेव्हा हे काम अभ्यासक्रमाबाहेरचे आहे असे म्हणायलाही जागा नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळ्या गटांचे पावलांचे आकडे फळ्यावर मांडावेत. समजा, गणेश दरवाजासाठी 31, 34, 29 आणि 52 असे आले. पहिला मोह 52 ला चुकीचे म्हणायचा होतो. त्याऐवजी त्या गटाला विचारावे: तुम्ही कुठे उभे होता, आणि तुम्हाला नेमके काय दिसले होते? एखाद्या वेळी त्यांची पावले लहान निघतात, तर एखाद्या वेळी त्यांनी दरवाजाऐवजी शेजारच्या बुरुजाचा माथा दिसल्यापासून मोजायला सुरुवात केलेली असते. मग ‘दरवाजा दिसला’ म्हणजे काय दिसले, यावर वर्गात जो वाद होतो त्याला एक तास सहज जातो, आणि पुढच्या वर्षीच्या कागदावर तो प्रश्न ‘कमानीचा कोणताही भाग दिसताच थांबा’ असा दुरुस्त होऊन येतो.